केस नवे, चेहरा तोच

स्टेबल डिफ्यूजनमध्ये छायाचित्रावरून नवे चित्र करताना मूळ फोटोत आधी नॉइज, म्हणजे विस्कळीत ठिपके, मिसळला जातो. मग मॉडेल तो टप्प्याटप्प्याने काढत लिखित सूचनेनुसार चित्र घडवते. नॉइज किती मिसळायचा हे Denoising strength ठरवते. ० ला फोटो जवळपास तसाच राहतो, १ ला त्याचा मागमूस फारसा उरत नाही.

लांब सरळ केसांच्या जागी आखूड कुरळे केस हवे आहेत असे समजा. ०.३ वर केसांचा पोत थोडा बदलतो, लांबी मात्र तशीच राहते, कारण मोठे आकार कमी नॉइजमध्ये टिकून राहतात. ०.७ च्या आसपास केस खरोखर आखूड होतात, पण चेहरा परका होतो. ओळख पापण्यांची ठेवण, ओठांची कड अशा बारकाव्यांत असते आणि नॉइजमध्ये तेच आधी बुडतात. त्यामुळे सबंध फोटोसाठी एकच आकडा क्वचितच पुरतो. केस आणि त्यांमागची खांद्यांपर्यंतची जागा मास्कने निवडून फक्त तिथे ०.७५ ठेवणे जास्त खात्रीचे. मास्क कपाळावर फार उतरला, तर भुवया बदललेल्या दिसतात. केसांआड दडलेला कान मात्र मॉडेल कल्पनेनेच रचते.