गिफ्ट पार्सलची किंमत कस्टम्सने दुप्पट धरली? ‘ओके’ असा रिप्लाय देण्याआधी हे वाचा

परदेशातल्या नातेवाइकाने गिफ्ट पाठवलं, ट्रॅकिंगवर पार्सल मुंबईत पोहोचल्याचं दिसतंय, आणि मग कुरियर कंपनीचा ईमेल येतो: तुमच्या वस्तूची किंमत कस्टम्सने वाढवून धरली आहे, मान्य असल्यास कळवा. बहुतेक जण पार्सल लवकर सुटावं म्हणून ‘ओके’ लिहून मोकळे होतात. नेमका तो ‘ओके’ महागात पडतो. का, ते पुढे सांगतो. त्याआधी एक गैरसमज काढून टाकू.

‘गिफ्ट आहे ना, मग ड्यूटी कशाला?’ हा प्रश्न अजूनही रोज विचारला जातो. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतचं गिफ्ट ड्यूटीशिवाय यायचं. 12 डिसेंबर 2019 ला परकीय व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, ती सवलत बंद केली. आता गिफ्ट म्हणून ड्यूटीशिवाय येऊ शकतात ती फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी. (फक्त राखी हं, तिच्यासोबतचं चॉकलेट नाही.) बाकी सगळं पूर्ण ड्यूटी भरूनच. त्यामुळे ‘हे गिफ्ट आहे’ या मुद्द्यावर भांडण्यात काही अर्थ नाही. भांडायचंच असेल तर ते किमतीवर.

एक उदाहरण घेऊ. न्यू जर्सीतल्या तुमच्या आत्येबहिणीने तुम्हाला ट्रेकसाठी एक जॅकेट पाठवलं. सीझन संपताना सेलमध्ये तिने ते 90 डॉलरला घेतलं. मूळ किंमत 180 डॉलर. पार्सलच्या डिक्लरेशनवर तिने प्रामाणिकपणे 90 लिहिलं. इथे अधिकाऱ्याने ब्रँडची वेबसाइट उघडली, तिथे 180 दिसले, आणि त्याने 180 धरले.

पैशांचा फरक किती पडतो? हिशोब सोपा व्हावा म्हणून डॉलर 90 रुपये, बेसिक ड्यूटी 10 टक्के आणि आयजीएसटी 18 टक्के धरू. हे दर बदलत असतात आणि डॉलरचा दरही गूगलवरचा नाही, कस्टम्सने जाहीर केलेला लागतो. म्हणून तुमच्या बिलावरचे आकडे घेऊनच स्वतःचा हिशोब करा. पद्धत मात्र हीच:

```
AV   = FOB + freight + insurance
BCD  = AV × 10%
SWS  = BCD × 10%
IGST = (AV + BCD + SWS) × 18%
```

FOB म्हणजे वस्तूची किंमत: 90 डॉलर, म्हणजे 8,100 रुपये. त्यात पाठवण्याचा खर्च आणि विमा मिळवायचा. इथे एक नियम तुमच्या बाजूचा आहे. विमानाने आलेल्या मालाचा वाहतूक खर्च वस्तूच्या किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. बहिणीने कुरियरला 40 डॉलर मोजले असले तरी ड्यूटीसाठी 18 डॉलर, म्हणजे 1,620 रुपयेच धरायचे. विम्याचा आकडा माहीत नसेल तर 1.125 टक्के, म्हणजे 91 रुपये. एकूण करपात्र किंमत 9,811 रुपये. त्यावर बेसिक ड्यूटी 981, सरचार्ज 98 आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी 1,960. एकूण साधारण 3,039 रुपये. किंमत 180 डॉलर धरली की तेच 6,079 होतात.

बिल आलं की आधी हे चार आकडे शोधा. बऱ्याचदा खालचा टोटल मोठा दिसतो कारण त्यात कुरियर कंपनीची स्वतःची फी आणि त्या फीवरचा जीएसटीही असतो. तो भाग कस्टम्सचा नाही, त्यासाठी कंपनीशी वेगळं बोलावं लागतं. नीट दिसत नसेल तर कंपनीकडे ‘बिल ऑफ एंट्री’ची कॉपी मागा. तुमच्या वतीने कस्टम्सकडे भरलेला अर्ज तोच, आणि कोणती किंमत धरली ते त्यातच कळतं.

आता मुख्य मुद्दा. कस्टम्सला किंमत वाढवता येते का? येते, पण मनाला येईल तशी नाही. 2007 च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांतला नियम 12 लक्षात ठेवा. अधिकाऱ्याला लिहिलेल्या किमतीबद्दल शंका असेल तर तो कागदपत्रं मागू शकतो. ती पाहूनही शंका राहिली तर लिहिलेली किंमत नाकारू शकतो. पण तुम्ही मागणी केलीत तर शंकेची कारणं त्याने लेखी द्यावी लागतात आणि अंतिम निर्णयाआधी तुमचं म्हणणं मांडायची संधीही द्यावी लागते. 2019 मध्ये सेंच्युरी मेटल रिसायकलिंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं: शंका ठोस कारणांवर उभी हवी. तो खटला अ‍ॅल्युमिनियमच्या भंगाराचा होता, पण नियम तुमच्या जॅकेटलाही तोच.

कळीचं वाक्य आहे ‘तुम्ही मागणी केलीत तर’. मागितलंच नाही तर कारणं कोणी आपणहून पाठवत नाही.

आणि आता तो ‘ओके’. कस्टम्स कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे अधिकाऱ्याने तुमच्या डिक्लरेशनपेक्षा वेगळी किंमत लावली तर त्याने 15 दिवसांत कारणांसह लेखी आदेश काढायचा असतो. अपवाद एकच: तुम्ही वाढीव किंमत लेखी मान्य केली तर आदेश काढायची गरज नाही. कुरियर कंपनीच्या ईमेलला दिलेला ‘ओके’ हीच लेखी मान्यता म्हणून फाइलला लागू शकते. मग कारणं नाहीत, आदेश नाही, आणि पुढे अपील करायचं तर हातात काही नाही. म्हणून उत्तर द्यायचं ते असं: वाढीव किंमत मला मान्य नाही, नियम 12 प्रमाणे कारणं लेखी द्यावीत, सोबत पुरावे जोडले आहेत. हे उत्तर कंपनी कस्टम्सकडे पोचवते. पोचवलं का, हे मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा. गोदामात पार्सल जास्त दिवस राहिलं तर भाडं चढतं, त्यामुळे उत्तर त्याच दिवशी गेलेलं बरं.

पुरावे कोणते? बहिणीकडून दुकानाचं बिल मागवा, तारीख आणि मॉडेल नंबर दिसेल असं. कार्ड स्टेटमेंटमधली त्या खरेदीची ओळ, बाकी सगळं झाकून. ऑनलाइन घेतलं असेल तर ऑर्डरचा ईमेल. सेल संपून पेजवरची किंमत बदलली असेल तर web.archive.org वर त्या पेजची जुनी नोंद सापडते का बघा, कधी कधी नशीब साथ देतं. आपण स्वतः टाइप केलेला ‘इन्व्हॉइस’ मात्र पाठवू नका. तसलं रोज बघणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं.

इथे कायद्याची एक गंमत समजून घ्या, म्हणजे उत्तर नीट लिहिता येईल. मूल्यांकनाचे नियम मुळात खरेदी-विक्रीसाठी लिहिलेत. गिफ्टमध्ये तुमच्यात आणि बहिणीत विक्री झालेलीच नाही, म्हणून तिने लिहिलेली किंमत अधिकाऱ्याला आपोआप बांधील नसते. मग तो तशाच किंवा मिळत्याजुळत्या मालाच्या किमतीकडे वळतो. पण त्यालाही मर्यादा आहेत. शेवटचा उपाय म्हणून जो नियम 9 आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की दोन पर्यायी किमतींपैकी जास्तीची घ्यायची, अशी पद्धत चालणार नाही, आणि मनमानी किंमतही चालणार नाही. ‘वेबसाइटवर 180 दिसतात’ एवढंच कारण असेल तर उत्तरात हे नक्की लिहा, आणि 180 ही छापील किंमत आहे, त्या दिवशी ते जॅकेट 90 ला विकलं जात होतं, हे बिलाने दाखवा.

कधी कधी अधिकारी भारतातल्या शॉपिंग साइटची किंमत धरतो. समजा तिथे हेच जॅकेट 18,000 ला आहे. त्या 18,000 मध्ये दुकानदाराचा नफा, इथली वाहतूक, आयात करताना भरलेली ड्यूटी आणि जीएसटी आधीच आहे. भारतातल्या विक्री किमतीवरून मूल्य काढायचं तर नियम 7 प्रमाणे हे सगळं वजा करावं लागतं. नाही केलं तर तुम्ही करावर कर भरताय. माझ्या मते किमतीच्या वादात हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि तो फारसा कोणी मांडत नाही.

पोस्टाने आलेल्या पार्सलची वाट थोडी वेगळी. तिथे पाठवणाऱ्याने चिकटवलेला CN 22 किंवा CN 23 फॉर्म हेच डिक्लरेशन. तपासणी परदेशी डाक कार्यालयात होते, मुंबईतलं बॅलार्ड इस्टेटला आहे. त्यांनी कागद मागणारं पत्र पाठवलं तर तीच तुमची संधी. पत्र न येता पोस्टमन थेट ड्यूटीची पावती घेऊन आला आणि आकडा पटला नाही, तर पार्सल ताब्यात घेऊ नका आणि फोडू तर अजिबात नका. पोस्टमास्तरकडे लेखी अर्ज द्या की पार्सल थांबवून फेरतपासणीसाठी कस्टम्सकडे पाठवावं. पाकीट एकदा उघडलं की आत हीच वस्तू होती हे सिद्ध करणं अवघड.

पैसे भरून पार्सल घेतलं, आता रिफंड मागू, असा विचार असेल तर थांबा. आयटीसीच्या खटल्यात 2019 मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूल्यांकनाचा आदेश आधी बदलून घेतल्याशिवाय रिफंड मिळत नाही. म्हणजे अपील आलंच. ते आयुक्त (अपील) यांच्याकडे, आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत करायचं, आणि वादातल्या ड्यूटीच्या साडेसात टक्के आधी भरलेले लागतात. चूक नुसती टायपिंगची असेल, म्हणजे 90 च्या जागी 900 किंवा डॉलरच्या जागी पौंड, तर कलम 154 खाली दुरुस्तीचा साधा अर्ज करता येतो. जॅकेटच्या तीन हजारांसाठी अपिलापर्यंत जावं का? मी जाणार नाही. पण नियम 12 चं पत्र लिहायला अर्धा तास लागतो, ते मात्र नक्की लिहीन.

हे सगळं लागू होतं ते किंमत खरी लिहिली असेल तरच. ‘ड्यूटी वाचेल’ म्हणून बहिणीने 90 च्या जागी 20 लिहिले असतील, तर दुकानाचं बिल तुमच्याच विरोधात जातं. चुकीच्या डिक्लरेशनसाठी माल जप्त होऊ शकतो आणि दंडही लागतो. अशा वेळी वाद न घालता खरं बिल देऊन त्यावरची ड्यूटी भरलेली बरी.

आणि मुळात पार्सल खरं आहे का, हे बघायचं राहू देऊ नका. इन्स्टावर ओळख झालेल्या ‘लंडनच्या मित्राने’ गिफ्ट पाठवलंय आणि ‘कस्टम्स ऑफिसर’ फोनवर पैसे मागतोय, तर किमतीचा वाद सोडा, पार्सलच नसतं. कस्टम्स कोणाच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर ड्यूटी मागत नाही. विभागाकडून आलेल्या पत्रावर DIN नावाचा नंबर असतो, तो esanchar.cbic.gov.in वर टाकून तपासता येतो. ट्रॅकिंग नंबरही मेसेजमधल्या लिंकवरून नको, कुरियरच्या साइटवर स्वतः टाइप करून बघा.