वजन तेच, रेप्स वाढल्या

व्यायामाच्या नोंदवहीत एका व्यायामाला एक ओळ पुरते: तारीख, वजन, प्रत्येक सेटमध्ये झालेल्या रेप्स आणि शेरा. वजन एकदा उचलून पुन्हा जागेवर आणले की एक रेप होते आणि न थांबता केलेल्या रेप्सचा मिळून एक सेट होतो. नवशिका बहुधा ‘बेंच प्रेस, २५ किलो, ३ सेट, १० रेप्स’ असे लिहून मोकळा होतो. पण ही झाली ठरवलेली योजना. प्रत्यक्षात तिसऱ्या सेटला सातव्या रेपनंतर बार वर गेलाच नसेल, तर तिथे ७ हाच आकडा हवा. म्हणून तिन्ही सेटसाठी वेगळे रकाने आखावेत आणि सेट संपला की विश्रांतीतच आकडा लिहावा. घरी जाऊन आठवून लिहिलेल्या नोंदीत सगळे सेट हटकून १०-१० रेप्सचे निघतात.

वजन लिहिताना बार धरायचा की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. जिममधला लांब बार साधारण २० किलोचा असतो. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलोच्या प्लेट लावल्या की एकूण २५ किलो होतात. एका आठवड्याला २५ आणि पुढच्या आठवड्याला फक्त प्लेटचे ५ असे लिहिले, तर नंतर त्या वहीचा अर्थ लावता येत नाही. डंबेलच्या बाबतीत एका हातातले वजन लिहिणे सोपे पडते.

वजन मोजून टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या उपचारांत वापरली आणि १९४५ मध्ये ती शास्त्रीय लेखातून मांडली. नवशिक्यासाठी तिचे एक सोपे रूप आहे. रेप्सची मर्यादा ८ ते १२ ठेवायची. वजन न बदलता रेप्स वाढवत न्यायच्या आणि तिन्ही सेट १२ रेप्सचे झाले की मगच वजन वाढवायचे. दर सोमवारी बेंच प्रेस करणाऱ्या एका नवशिक्याची वही सात आठवड्यांनी अशी दिसू शकेल:

| आठवडा | वजन (किलो) | सेट १ | सेट २ | सेट ३ | शेरा |
|---|---|---|---|---|---|
| १ | २५ | १० | ८ | ७ | |
| २ | २५ | ११ | ९ | ८ | |
| ३ | २५ | १२ | १० | ९ | |
| ४ | २५ | ९ | ८ | ६ | आधी शोल्डर प्रेस |
| ५ | २५ | १२ | ११ | १० | |
| ६ | २५ | १२ | १२ | १२ | |
| ७ | २७.५ | ९ | ८ | ८ | |

वजनाचा रकाना सहा आठवडे हललेला नाही. तेवढाच पाहणाऱ्याला वाटेल, काहीच झाले नाही. पण एकूण रेप्स पहिल्या आठवड्यात २५ होत्या, त्या सहाव्यात ३६ झाल्या. वजनाला रेप्सने गुणले तर ६२५ किलोवरून ९०० किलोपर्यंत मजल गेली. सातव्या आठवड्यात हाच गुणाकार ६८७.५ वर येतो आणि नवशिका इथेच घाबरतो. ही घसरण अपेक्षितच असते, कारण वजन वाढले की रेप्स कमी होणारच. त्या ओळीची तुलना सहाव्या नव्हे, तर पहिल्या आठवड्याशी करायची: रेप्स तेव्हाही २५ होत्या आणि आताही २५ आहेत, पण बारवर अडीच किलो जास्त आहेत.

चौथ्या आठवड्याची ओळ शेऱ्यामुळे उलगडते. शोल्डर प्रेस आधी केल्याने खांदे आणि दंडामागचे स्नायू दमलेले होते, म्हणून पहिला सेटच खाली आला. शेरा नसता तर ताकद घटली असा समज होऊन वजन उगाच कमी केले गेले असते. पहिला सेट नेहमीसारखा आणि पुढचे दोन एकदम घसरलेले असतील, तर बहुतेक वेळा सेटमधली विश्रांती कमी पडलेली असते. बेंच प्रेससाठी दोन-तीन मिनिटे घ्यावीत. क्रम आणि विश्रांती तीच असूनही तीन आठवडे आकडा हलला नाही, तर आधी झोप आणि जेवण पाहावे. मग वजन सुमारे दहा टक्क्यांनी उतरवून पुन्हा चढत यावे.

अडीच किलोची वाढ करायला सव्वा किलोच्या दोन प्लेट लागतात. त्या नसतील तर पुढची पायरी थेट ३० किलोची असते. डंबेलमध्ये साडेसातवरून दहावर जाणे म्हणजे एका हातावर एक तृतीयांश जास्त भार. अशा वेळी १२ वर न थांबता १५ रेप्सपर्यंत जाऊन मग वजन बदलावे.

रेप कशी झाली, हे मात्र आकडा सांगत नाही. बार छातीपर्यंत न आणता अर्ध्यातून वर ढकलला, किंवा मागे उभ्या असलेल्या जोडीदाराने हात लावला, तरी वहीत १२ च दिसतात. अशा रेप्स मोजू नयेत, किंवा ‘९ + ३ मदतीने’ असे वेगळे लिहावे. सांध्यात दुखले तर तो सेट तिथेच थांबवून शेऱ्यात जागा आणि बाजू लिहावी: ‘उजवा खांदा, बार खाली आणताना’. पुढे डॉक्टरांना नेमके हेच सांगावे लागते.

सुरुवातीच्या आठवड्यांत आकडे भराभर वाढतात, कारण मेंदू आणि नसा आहे त्याच स्नायूंकडून जास्त काम करून घ्यायला शिकत असतात. स्नायू भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. काही महिन्यांनी दर आठवड्याला रेप वाढेनाशी होते. तेव्हा एकेका सोमवारची तुलना सोडून या महिन्यातला सर्वांत चांगला सोमवार मागच्या महिन्यातल्या सर्वांत चांगल्या सोमवारशी ताडून पाहावा.