झडती बेकायदा, पण माल पुराव्यात

उत्तर प्रदेशातल्या एका पोस्टमनच्या घराची पोलिसांनी झडती घेतली आणि कपाटातून लोकांपर्यंत न पोचवलेली टपालं निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा पोस्टमनच्या वतीने एक साधा मुद्दा मांडला गेला. झडती घेताना कायद्याची रीत पाळलेली नाही, तेव्हा तिच्यात सापडलेली पत्रं विचारात घेऊ नयेत. १९६३च्या या राधाकिशन खटल्यात न्यायालयाने तो मुद्दा मान्य केला नाही. झडती बेकायदा होती असं धरून चाललं, तरी त्यातून दोनच गोष्टी निघतात, असं न्यायालय म्हणालं. एक, घरातला माणूस अशा झडतीला अडवू शकतो. दोन, जप्तीचा पुरावा न्यायालय जरा जास्त बारकाईने तपासेल. त्यापुढे काही नाही. पोस्टमन अखेर सुटला, पण निराळ्या कारणाने: कपाटाची किल्ली वडिलांकडे होती, त्यामुळे पत्रं त्याच्याच ताब्यात होती हे सिद्ध झालं नाही.

‘वॉरंटशिवाय आले होते, आता केस टिकणारच नाही,’ असं आपल्याकडे कट्ट्यावर ठामपणे सांगितलं जातं. यातलं बरंचसं अमेरिकी सिनेमांमधून आलेलं आहे. तिथे १९६१ पासून बेकायदा झडतीतला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतूनही बाद होतो. भारतात तसं नाही, आणि मुळात वॉरंट नसलं म्हणून झडती बेकायदा ठरते असंही नाही.

झडतीचं वॉरंट न्यायालय किंवा दंडाधिकारी देतात. वस्तू हजर करा असं सांगितलं तर समोरचा ती आणून देणार नाही, असं वाटण्याला आधार असेल, किंवा ती कोणाकडे आहे हेच ठाऊक नसेल, तर वॉरंट मिळतं. पण तपास अधिकाऱ्याला वॉरंटशिवायही घरात शिरता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १६५ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १८५ झालं. वॉरंट आणण्यात वेळ गेला तर वस्तू हातची जाईल असं वाटण्याला सबळ कारण हवं, आणि ते कारण झडतीच्या आधी लिहून ठेवलेलं हवं. कोणती वस्तू शोधायची आहे, हेही शक्य तितकं नेमकं लिहायचं. या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. प्रत्यक्षात वकिलाची उलटतपासणी इथेच सुरू होते: नोंद कधी केली, झडतीआधी की पोलीस ठाण्यात परतल्यावर?

दुसरी अट पंचांची. जागेची झडती घेण्याआधी त्याच वस्तीतले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे. तिथे कोणी मिळत नसेल किंवा यायला तयार नसेल तरच दुसऱ्या वस्तीतले. झडती त्यांच्यादेखत व्हायला हवी, कोणती वस्तू कुठे सापडली याची यादी तिथेच बनायला हवी आणि तिच्यावर त्यांच्या सह्या हव्यात. लेखी हुकूम देऊन बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा आहे. तरीही कोणी यायला तयार नसतं, याचं नवल वाटायला नको. आज सही केली की चार-पाच वर्षांनी समन्स येतं, दिवसाचा रोजगार बुडतो आणि आरोपी गल्लीतलाच असतो. मग पोलीस ओळखीचा पानवाला, ठाण्यात नेहमी येणारा एखादा माणूस किंवा सरकारी कार्यालयातला कर्मचारी गाठतात. असा नेहमीचा पंच साक्षीला उभा राहिला की बचाव पक्षाचे प्रश्न ठरलेले असतात. यापूर्वी किती पंचनाम्यांवर सह्या केल्या? घटनास्थळापासून किती लांब राहता? झडती सुरू होण्याआधी पोलिसांनी आणि तुम्ही स्वतःची झडती दिली होती का? पंचनामा जागेवर लिहिला की ठाण्यात? वस्तूंवर लाखेचं सील तुमच्यासमोर लावलं का, आणि सहीची चिठ्ठी पाकिटावर होती का?

याच उत्तरांवर पुष्कळ खटले बुडतात. पंचनाम्यात ‘लाल पिशवी’, पंचाच्या तोंडी ‘काळी पिशवी’. पंचनाम्याची वेळ पाच वाजताची आणि स्टेशन डायरीत त्याच पथकाची ठाण्यात परतल्याची नोंद पावणेपाचची. कधी पंच सरळ फितूर होतो आणि ‘कोऱ्या कागदावर सही घेतली’ असं सांगतो. पंच उलटला म्हणून मात्र जप्ती आपोआप खोटी ठरत नाही. पोलीस साक्षीदाराचं म्हणणं विश्वासार्ह वाटलं तर एवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. पण दिवसाढवळ्या भर बाजारात छापा घातला आणि एकही माणूस पंच म्हणून मिळाला नाही, असं सांगायचं असेल तर कोणाला विचारलं, त्याने काय उत्तर दिलं, हे कागदावर हवं. ते नसेल तर न्यायाधीशाच्या मनात शंका येते, आणि फौजदारी खटल्यात शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. माझ्या मते आपल्याकडे पंच हाच बेकायदा झडतीवरचा खरा अडसर आहे, आणि तो इतका कच्चा ठेवला आहे याची कोणाला फारशी फिकीर नाही.

पुरावा कसा मिळाला यापेक्षा तो खरा आहे का, हे पाहायचं, ही आपल्या न्यायालयांची जुनी भूमिका. मुंबईत १९६४ साली अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर एक रुग्ण दगावला. शहराच्या तेव्हाच्या कॉरोनरवर या प्रकरणात एका डॉक्टरकडे पैसे मागितल्याचा आरोप झाला. डॉक्टरने परवानगी दिल्यावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने टेलिफोनवरचं संभाषण टेप केलं. हा मलकाणी खटला १९७२ मध्ये निकाली निघाला. टेप बेकायदा मार्गाने मिळाली असली तरी ती पुराव्यात घेता येते, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. पुढे प्राप्तिकर खात्याच्या झडत्यांबद्दलच्या पूरनमल खटल्यात १९७३ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हेच पक्कं केलं. घटनेत किंवा कायद्यात स्पष्ट मनाई नसेल, तर बेकायदा झडतीत सापडलेला कागद केवळ त्या कारणाने बाद होत नाही.

या नियमाला मोठा तडा गेला तो अमली पदार्थांच्या खटल्यांत. इथे शिक्षा कडक आहे. मेफेड्रोन, ज्याला आपल्याकडे सगळे ‘एमडी’ म्हणतात, ते ५० ग्रॅमच्या पुढे गेलं की व्यापारी प्रमाण धरलं जातं आणि किमान शिक्षा दहा वर्षांची. शिवाय गुन्हा म्हणजे बहुतेकदा नुसतं जवळ बाळगणं. खिशात पुडी होती की नव्हती, एवढाच प्रश्न. म्हणून एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० मध्ये एक खास तजवीज आहे. अंगझडती घेण्याआधी संशयिताला सांगावं लागतं की, जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती व्हावी अशी मागणी करण्याचा तुमचा हक्क आहे.

एक कल्पित प्रसंग घेऊ. एका एसटी स्टँडवर रात्री साडेनऊ वाजता खबरीवरून दोन तरुणांना अडवलं. पथकाच्या प्रमुखाने दोघांना एकत्र उभं करून हक्क सांगितला आणि ‘आमच्याबरोबर आलेले साहेबही राजपत्रित आहेत, त्यांच्यासमोर झडती दिली तरी चालेल’ अशी पुस्ती जोडली. एकाने दोघांच्या वतीने ‘हो’ लिहून सही केली. एकाच्या पँटच्या खिशात ६० ग्रॅम एमडी निघालं. रसायन तपासणीतही ते एमडीच ठरलं.

हा माल खरा आहे, वजन बरोबर आहे, तरी शिक्षा टिकणं कठीण. १९९९ च्या बलदेवसिंग खटल्यात घटनापीठाने स्पष्ट केलं की, हा हक्क न सांगता घेतलेल्या अंगझडतीत सापडलेली वस्तू ‘ती आरोपीच्या ताब्यात होती’ याचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. पूरनमलचा निकाल इथे लागू नाही, कारण तिथे कागद हे दुसऱ्या कशाचा तरी पुरावा होते, इथे मात्र वस्तू हाच गुन्हा आहे. २०१० मध्ये जाडेजा खटल्यात आणखी एक घटनापीठ म्हणालं, ‘साधारण पाळलं’ हे पुरेसं नाही, हक्क स्पष्ट शब्दांत सांगितलाच पाहिजे. आणि २०१४ च्या परमानंद खटल्यात आपल्या प्रसंगातल्या दोन्ही चुका सर्वोच्च न्यायालयासमोर आल्या: हक्क दोघांना एकत्र सांगितला होता आणि छाप्यातल्याच अधिकाऱ्याचा तिसरा पर्याय पुढे केला होता. न्यायालयाने दोन्ही अमान्य केल्या.

आता तोच ६० ग्रॅमचा माल खिशात नसून खांद्यावरच्या सॅकमध्ये असता तर? मग कलम ५० लागूच होत नाही. पिशवी म्हणजे शरीर नव्हे, असं २००५ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं. पिशवी आणि अंग दोन्ही तपासलं आणि माल फक्त पिशवीत निघाला, तर काय? यावर परमानंद खटल्यातली भूमिका आरोपीच्या बाजूची होती, पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय परत २००५ च्या वाटेवर आलं. परिणामी इंचभर अंतराने, खिसा की सॅक एवढ्या फरकाने, दहा वर्षांची शिक्षा किंवा सुटका ठरते. तर्कशुद्ध आहे, पण न्याय्य वाटतं असं म्हणवत नाही. सॅकच्या खटल्यात बचावाला पुन्हा पंच, सील, वजन आणि वेळेच्या विसंगतीवरच भिस्त ठेवावी लागते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जुन्या नियमाला वेगळ्या बाजूने हात घातला. लाचेच्या एका प्रकरणात सीबीआयने एका व्यावसायिकाचे फोन टॅप केले होते. त्यासाठीचे आदेश सार्वजनिक सुरक्षिततेच्या अटीत बसत नाहीत, असं सांगून न्यायालयाने ते रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करण्यास फर्मावलं. २०१७ मध्ये खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरल्यानंतर मलकाणीची टेप आणि ही टेप यांत अंतर पडलं. सगळ्याच न्यायालयांचा कल मात्र असा दिसत नाही.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती, यादी बनवणं आणि पंचांच्या सह्या या सगळ्याचं ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केलं आहे. ते शक्यतो मोबाइलवर करून विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. पंचाची आठवण धूसर झाली तरी चित्रफीत बोलेल, अशी अपेक्षा आहे. पण चित्रीकरण केलंच नाही तर जप्तीचं काय होईल, हे कलम सांगत नाही. म्हणून घरझडती सुरू असताना घरातल्या माणसाने काही गोष्टी जरूर मागाव्यात. वॉरंट असेल तर ते पाहायला मिळावं. झडतीच्या वेळी हजर राहू द्यावं. घरातल्या स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी. जप्त वस्तूंच्या यादीची पंचांच्या सह्या असलेली प्रत हातात मिळावी. आणि झडती वॉरंटशिवाय झाली असेल, तर पोलिसांनी दंडाधिकाऱ्याकडे पाठवलेल्या नोंदीची प्रत घरमालकाला अर्ज केल्यावर विनामूल्य मिळते. झडतीची कारणं आधी लिहिली होती की मागाहून, हे त्या प्रतीवरून ताडता येतं.