पाकीट कुठे आहे?

व्हिसा मंजूर झालाय आणि तरी विमान चुकायची भीती वाटतेय, हे शेजारच्या काकूंच्या तोंडून ऐकलं आणि मी त्यांच्याबरोबर ट्रॅव्हल एजन्सीत गेले. काकूंना लेकीच्या बाळंतपणाला टोरांटोला पोचायचं होतं. कॅनडाकडून होकार आल्यावर मूळ पासपोर्ट व्हिसा केंद्रात जमा करावा लागतो, तो व्हिसाचं स्टिकर लागून परत येतो. काकूंनी कुरिअरचे पैसे भरले होते. पासपोर्ट केंद्रातून निघाला, पण कोथरूडला पोचला नाही.

एजन्सीत व्हिसाचं काम पाहणाऱ्या ताईंनी काकूंनी केंद्राला लिहून आणलेलं पत्र वाचलं. त्यात लेक होती, बाळ होतं, तिकिटाचे पैसे होते. एअर वे बिलाचा नंबर नव्हता. "व्हिसाला उशीर झाला असं लिहिलंत, की निर्णय वकिलातीचा असतो एवढंच उत्तर येईल," त्या म्हणाल्या. मला ते उत्तर म्हणजे जबाबदारी झटकणं वाटतं, पण अशा पत्राने त्याला वाट मिळते हेही खरं. म्हणून ताईंचं पहिलं वाक्य असं होतं: व्हिसा मंजूर आहे, तक्रार फक्त पाकिटाच्या प्रवासाबद्दल आहे.

मग त्यांनी ट्रॅकिंग उघडलं आणि शेवटची नोंद मोठ्यांदा वाचली: सांगली, घेणारी व्यक्ती भेटली नाही. काकू दचकल्या. सांगलीचं घर विकून त्या कधीच पुण्यात आल्या होत्या, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर मात्र पत्ता तिथलाच होता. ताईंनी केंद्राची पावती पुढे ओढली. कुरिअरच्या रकान्यात ४११०३८ स्पष्ट छापलेलं होतं. "आणि पाकीट गेलंय ४१६४१६ला," त्या म्हणाल्या. लेबल करणाऱ्याने पिनकोड पावतीवरून घेण्याऐवजी पासपोर्टवरून घेतला असणार.

आता घाई होती ती वेगळ्याच कारणाने. कुरिअरवाल्यांच्या फेऱ्या संपल्या की पाकीट उलटं मुंबईच्या केंद्रात जातं आणि सगळं पुन्हा सुरू. त्यामुळे पत्रात "लवकर पाठवा" नव्हतंच. पाकीट सांगलीच्या शाखेत रोखून ठेवा, अर्जदार स्वतः ओळखपत्र आणि मूळ पावती घेऊन येईल, तशी लेखी सूचना कुरिअरला आजच द्या, एवढीच मागणी. सोबत पावतीचा फोटो, ४१६४१६च्या नोंदीचा फोटो आणि आधार. काकूंचं अख्खं पान नऊ ओळींत बसलं. लेकीसाठी त्यातली एकच ओळ राहिली, प्रवासाच्या तारखेची.

"हरवला असं आत्ताच लिहू नका हं," ताईंनी बजावलं. हरवल्याची नोंद केली की तो पासपोर्ट रद्द होतो. मग पोलिसांत तक्रार, नवा पासपोर्ट आणि व्हिसाचा खटाटोपही नव्याने. पाकीट कुठे आहे हे दिसत असताना ते पाऊल उचलायचं नाही.

संध्याकाळी केंद्राचं उत्तर आलं, पाकीट शाखेत थांबवलंय. काकू पहाटेच्या एसटीने सांगलीला गेल्या. पाकीट मिळताच तिथेच उघडून स्टिकरवरचं नाव, पासपोर्ट नंबर आणि मुदत ताईंना फोनवर वाचून दाखवायची, असं त्यांचं ठरलं होतं.