ताऱ्यांचा मनोरा (आज्ञावली)

ताऱ्यांचा मनोरा ही संगणकाच्या पडद्यावर `*` या चिन्हाच्या ओळी एकाखाली एक छापून तयार केलेली त्रिकोणी आकृती होय. ती काढण्यासाठी एका लूपच्या आत दुसरे लूप, म्हणजेच नेस्टेड लूप, वापरतात. बाहेरचे लूप ओळी मोजते, तर आतली लूप्स त्या ओळीत काय आणि किती वेळा छापायचे ते ठरवतात. संगणक वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे छापत असल्याने ताऱ्यांआधीची मोकळी जागाही मोजून छापावी लागते. नवशिक्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटते.

मर्यादा काढणे

आज्ञावली लिहिण्यापूर्वी आकृती कागदावर काढून प्रत्येक ओळ मोजावी. चार ओळींच्या मनोऱ्यात पहिल्या ओळीत ३ मोकळ्या जागा व १ तारा, दुसरीत २ व ३, तिसरीत १ व ५, तर चौथीत ० व ७ असतात. ओळीचा क्रमांक `i` आणि मोकळ्या जागा यांची बेरीज दर वेळी ४ येते. म्हणून एकूण ओळी `n` असल्यास मोकळ्या जागा `n - i` होतात. तारे प्रत्येक ओळीत दोनने वाढतात आणि पहिल्या ओळीत एकच असतो, म्हणून त्यांची संख्या `2*i - 1`. सी भाषेत हे असे लिहितात:

```c
for (i = 1; i <= n; i++) {
    for (j = 1; j <= n - i; j++) printf(" ");
    for (j = 1; j <= 2*i - 1; j++) printf("*");
    printf("\n");
}
```

शेवटच्या ओळीत `n - i` शून्य होते. पहिली अट तेथेच खोटी ठरून ते लूप एकदाही चालत नाही. त्यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही.

मोकळ्या जागांच्या लूपमध्ये `<=` ऐवजी `<` पडल्यास वरच्या तीन ओळी एका घराने डावीकडे सरकतात, पण चौथी जागची हलत नाही, कारण तिच्यात कमी करायला जागाच नसते. शेवटच्या दोन ओळींची डावी कड एकाच रेषेत आलेली दिसली, की चूक येथे आहे असे समजावे. `printf("\n")` आतल्या लूपमध्ये गेल्यास मात्र आकृतीच राहत नाही. प्रत्येक तारा स्वतंत्र ओळीत पडतो.

संख्यांचा मनोरा

```
   1
  121
 12321
1234321
```

येथे मोकळ्या जागांचे लूप तेच राहते. ताऱ्यांच्या जागी दोन लूप्स येतात: एक `1` पासून `i` पर्यंत चढणारे, दुसरे `i - 1` पासून `1` पर्यंत उतरणारे. उतरणारे लूप `i` पासून सुरू केल्यास मधला अंक दोनदा छापला जातो आणि दुसरी ओळ `1221` अशी दिसते. दहाव्या ओळीपासून १० हा दोन अंकी आकडा दोन घरे व्यापतो, त्यामुळे ही मांडणी नऊ ओळींपर्यंतच नीट बसते.