घड्याळ संपले, पैसे मात्र गेले. मग खुर्ची कोणाची?

जोगेश्वरीतील एक प्रेक्षक विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहातील नाटकाची दोन तिकिटे मोबाइलवर काढत आहे, असे समजू. रात्री ८ वाजता ती एफ रांगेतील ११ आणि १२ क्रमांकाच्या खुर्च्या निवडते आणि पडद्यावर ८ मिनिटांचे घड्याळ उलटे धावू लागते. (ही मुदत प्रत्येक ठिकाणी सारखी नसते.)

घड्याळ नेमके कुठे चालते?

खरे घड्याळ तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. तिथे या खुर्च्यांपुढे ‘८:०८ पर्यंत राखीव’ अशी नोंद होते. फोनवरचे आकडे ही त्या नोंदीची नक्कल असते, म्हणून फोनची वेळ मागे केली तरी मुदत वाढत नाही. खुर्ची मोकळी आहे का हे पाहणे आणि ती राखून ठेवणे, ही दोन्ही कामे सर्व्हर एकाच दमात करतो. त्यामुळे दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तरी खुर्ची एकालाच मिळते.

मध्येच सोडून दिले तर?

ॲप बंद केले किंवा नेटवर्क गेले, तर सर्व्हरला ते बहुतेक वेळा कळतच नाही. तो ८:०८ होण्याची वाट पाहतो आणि मग खुर्च्या मोकळ्या धरतो. ‘हाउसफुल्ल’ दिसणाऱ्या प्रयोगात थोड्या वेळाने दोन-चार जागा उगवतात, त्या बऱ्याचदा अशा सोडून दिलेल्या असतात. लगेच परत आलेल्या ग्राहकाला आपल्याच खुर्च्या भरलेल्या दिसू शकतात, त्याचेही कारण हेच.

पैसे उशिरा पोहोचले तर?

खरी अडचण इथे आहे. प्रेक्षकाने ८:०७:५० ला यूपीआय पिन टाकला, पण पैसे मिळाल्याचा निरोप सर्व्हरला ८:०८:२० ला आला. दरम्यान ८:०८:०५ ला त्याच खुर्च्या दुसऱ्याने निवडल्या. आता पहिल्या व्यक्तीला तिकीट दिले, तर एकाच खुर्चीचे दोन मालक होतील. म्हणून चांगली यंत्रणा आधी खुर्ची अजून मोकळी आहे का ते तपासते. नसेल तर पैसे परत पाठवते. हा प्रसंग टाळण्यासाठी पडद्यावर ८ मिनिटे दाखवून प्रत्यक्षात १० मिनिटे जागा राखता येते.

पैसे कधी परत मिळतात?

यूपीआयने खात्यातून रक्कम गेली, पण विक्रेत्याला व्यवहाराची पुष्टी मिळालीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती आपोआप परत यावी लागते. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळते. वरच्या उदाहरणात मात्र पैसे विक्रेत्यापर्यंत पोहोचले आहेत. तिथे परतावा विक्रेत्याने द्यायचा असतो. म्हणून पुन्हा पैसे भरण्याआधी बुकिंग क्रमांक आला आहे का ते पाहावे आणि यूपीआय ॲपमध्ये व्यवहार ‘यशस्वी’ दिसतो की ‘प्रलंबित’, हे तपासावे. दाद कोणाकडे मागायची, ते त्यावरून कळते.