झोपलेल्या मोहनमाळेचं जागं व्याज

एक मोहनमाळ तारण ठेवायची आहे. काट्यावर भरली २१.४ ग्रॅम. त्यातले खडे आणि लाख मिळून १.४ ग्रॅम वजा केले की निव्वळ सोनं २० ग्रॅम, २२ कॅरेटचं. घडणावळीला इथं शून्य किंमत. हिशेब सोपा राहावा म्हणून ग्रॅमला १०,००० रुपये दर धरू, म्हणजे माळ झाली दोन लाखांची. (प्रत्यक्षात हा दर दुकानाच्या पाटीवरून घेत नाहीत. मागच्या तीस दिवसांच्या बंद भावांची सरासरी आणि कालचा बंद भाव, या दोन्हींतला जो कमी तो धरायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.)

आता यावर कर्ज किती मिळेल? घरगुती गरजेसाठी अडीच लाखांपर्यंतचं कर्ज असेल, तर सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत देता येतं. दोन लाखांचे ८५ टक्के म्हणजे १,७०,०००. पण थांबा! तुम्ही बुलेट पद्धत निवडली असेल, म्हणजे वर्षभर हप्ता नाही आणि शेवटी मुद्दल-व्याज एकदम, तर हे १,७०,००० तुमच्या हातात पडत नाहीत. वर्षाच्या शेवटी तुम्ही जी एकूण रक्कम देणार, ती या मर्यादेत बसावी लागते. अजून एक रुपयाही व्याज चढलेलं नाही, तरी पुढच्या बारा महिन्यांच्या व्याजाला पहिल्याच दिवशी जागा राखून ठेवलेली असते. सावकारीच्या एवढ्या जुन्या धंद्यात भविष्यातलं व्याज आजच मोजून बाजूला काढणारा हा नियम मला विलक्षण वाटतो.

दर १२ टक्के आणि व्याज दरमहा मुद्दलात मिळवलं जाणार असेल, तर राखीव जागा सोडून जेमतेम १,५०,८०० रुपये मिळू शकतात. आपण सरळ दीड लाख घेतले असं समजू.

माळ तिजोरीत गेली. पाकिटाला सील लागलं. आता ती वर्षभर हलणार नाही, पण पावतीवरचा आकडा रोज रात्री हलतो. दीड लाखावर १२ टक्के म्हणजे दिवसाला ४९ रुपये ३२ पैसे. रविवारी ४९, दिवाळीलाही ४९. आणि महिनाअखेरीला साठलेलं व्याज मुद्दलात मिसळलं की पुढच्या महिन्याचा रोजचा आकडा किंचित फुगतो. सहा महिन्यांनी कर्ज मिटवलं तर व्याज ९,२२८ रुपये होतं. पूर्ण वर्ष थांबलात तर १९,०२४. म्हणजे दुसऱ्या सहामाहीचं व्याज ९,७९६! दर तोच, दिवस जवळपास तेवढेच, तरी ५६८ रुपये जास्त. एकही हप्ता न मागणाऱ्या कर्जात हे फुगणं डोळ्यांना दिसत नाही, कारण वर्षभर कुणी काही मागतच नाही.

बुलेट म्हणजे मधे पैसे भरायचेच नाहीत, असा समज मात्र चुकीचा आहे. बहुतेक ठिकाणी अधूनमधून हवं तेवढं भरता येतं. आधी व्याज वळतं होतं आणि उरलेल्या पैशांनी मुद्दल उतरतं. त्या दिवसापासून ४९ चा आकडाही खाली येतो.

काही कंपन्यांच्या योजनांत तर व्याजाचा दर स्वतःच पायऱ्या चढतो. उदाहरणादाखल, ९० दिवसांत व्याज भरलं तर १४ टक्के, नाहीतर २२. आता नीट पाहा. वाढलेला दर ९१व्या दिवसापासून लागतो की पहिल्या दिवसापासून? अशा योजनांत तो अनेकदा पहिल्या दिवसापासून लागतो. दीड लाखावर नव्वदाव्या दिवशी ५,१७८ रुपये देणं होतं. एक रात्र उलटली आणि ते झालं ८,२२७. एका रात्रीची किंमत तीन हजारांहून जास्त! जाहिरातीतला दर असतो पहिल्या पायरीचा, म्हणून पावती हातात घेतल्यावर सगळ्यात वरच्या पायरीचा आकडा आधी शोधावा.

आता वर्ष संपलं आणि पैसे जमले नाहीत. मग काय? आपल्याकडे यावरचा रुळलेला उपाय म्हणजे नवं-जुनं करणं. पूर्वी व्हायचं असं, की मुद्दल आणि व्याज मिळून १,६९,०२४ हेच नवं मुद्दल लिहिलं जाई. खिशातून एक रुपया न जाता कर्ज ताजं होई. दोन वर्षांनी देणं १,९०,४६० आणि तीन वर्षांनी २,१४,६१५. सोन्याचा भाव वाढला नसता तर माळेच्या किमतीपेक्षाही जास्त! भाव चढता असला की हे कुणाला खुपत नसे. रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये काढलेले आणि १ एप्रिल २०२६ पासून बंधनकारक केलेले नियम नेमके इथं बोट ठेवतात. बुलेट कर्जाची मुदत बारा महिन्यांपेक्षा जास्त नसावी, आणि साठलेलं व्याज भरल्याशिवाय त्याचं नूतनीकरण करता येणार नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात १९,०२४ रुपये आणून ठेवा, मग दीड लाखाचं कर्ज पुढे चालेल.

नव्या पावतीचा खर्च वेगळा. समजा प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का, म्हणजे ७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ८८५. वर्षातून एकदा दिलं तर किरकोळच. पण योजना तीन-तीन महिन्यांची असेल आणि दर वेळी नवं-जुनं करावं लागलं, तर वर्षाला ३,५४० रुपये होतात. दीड लाखावर ते २.३६ टक्के पडतात. शुल्काचा आकडा तसूभरही न वाढता १२ टक्क्यांचं कर्ज १४ च्या पलीकडे जातं! मूल्यांकनाचे पैसे वेगळे लागत असतील तर ते आणखी वर. ही सगळी बेरीज एका ठिकाणी दिसते ती मुख्य तथ्य पत्रकात, कर्ज देताना जे द्यावंच लागतं त्या कागदात. त्यात वार्षिक टक्केवारी दर नावाची ओळ असते, आणि ती शुल्कासकट असते. त्या कागदात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

म्हणून कर्ज बंद करायला जाताना तोंडी आकडा घेऊ नका, त्या तारखेचा उतारा मागा. त्यात शिल्लक मुद्दल, त्या दिवसापर्यंतचं न भरलेलं व्याज, मुदत टळली असेल तर दंडात्मक शुल्क आणि नोटिशीचा खर्च, एवढ्या गोष्टी सुट्या सुट्या दिसल्या पाहिजेत. दंड व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायला मनाई आहे, तेव्हा ‘व्याज’ या ओळीतला आकडा तुमच्या गणितापेक्षा बराच मोठा निघाला तर तिथंच विचारा. फार लवकर कर्ज मिटवत असाल तर किमान काही दिवसांच्या व्याजाची अट आहे का, तेही पाहा.

पैसे भरले, की घड्याळाचे काटे उलटे फिरतात. माळ त्याच दिवशी, फार तर सात कामकाजी दिवसांत परत मिळाली पाहिजे. सावकाराच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तो तुम्हाला देणं लागतो. ४९ च्या शंभरपट! माळ हातात आली की सील तपासा, तिथंच वजन करून घ्या आणि पावतीवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहा. २१.४, खड्यांसकट. हे नियम बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांना लागू आहेत. गावातल्या पतसंस्थेत तारण ठेवलं असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिथं सहकार खात्याचे नियम आणि तुम्ही सही केलेला करारनामा यांवरच सगळं ठरतं. म्हणून तिथं नूतनीकरणाची अट आणि दागिना परत मिळण्याची मुदत सही करण्याआधीच वाचावी लागते.